'वाचले' एकदा बरोबर, एकदा चूक: मॅडमना शंकेचा मेल कसा लिहावा

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्न होऊन कोल्हापुरात आलेली आणि इथे मराठीच्या वर्गाला बसलेली जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी राजारामपुरीत अशाच मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. कुणी धारवाड-हुबळीकडून आलेलं असतं, कुणी हिंदी बोलणाऱ्या भागातून. भूतकाळाची वर्कशीट तपासून परत दिली की त्या आठवड्यात शंकांचे मेल हमखास येतात. त्यातले बरेचसे एका ओळीचे असतात: "मॅडम, सातवा प्रश्न चूक का दिला?"

या ओळीला मी उत्तर देऊ शकते, पण त्या उत्तराचा तुम्हाला उपयोग होत नाही. फार तर बरोबर रूप पुन्हा लिहून पाठवीन, आणि ते तर लाल शाईत पानावर आधीच आहे. तुम्ही काय विचार करून ते उत्तर लिहिलंत, हे मला कळलं तरच तुमची नेमकी गाठ सोडवता येते. क्रियापदांच्या बाबतीत हे फारच खरं आहे, कारण एकाच चुकीच्या उत्तरामागे दोन निरनिराळी कारणं असू शकतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा असतो. कसं, ते एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण

धारवाडहून आलेली एक विद्यार्थिनी धरा. तिच्या वर्कशीटवर कंसातल्या धातूचं भूतकाळी रूप लिहायचं आहे. तिने लिहिलेली उत्तरं आणि त्यावरच्या खुणा अशा:

प्र. 2: मी काल कोल्हापूरला आले. (ये) ✓
प्र. 4: मी पुस्तक वाचले. (वाच) ✓
प्र. 6: मी मराठी शिकले. (शिक) ✓
प्र. 7: मी बातमी वाचले. (वाच) ✗ वाचली

चौथ्या आणि सातव्या प्रश्नात कर्ता तोच, धातू तोच, उत्तरही तेच. तरी एक बरोबर, एक चूक. तिला वाटतं तपासताना मॅडमची नजर चुकली असावी. असं वाटण्यात काही वावगं नाही. पण मेल लिहायला बसण्याआधी दहा मिनिटं हे पान नीट पाहावं. त्या दहा मिनिटांत अर्धी शंका सुटते, आणि उरलेली अर्धी विचारण्याजोगी होते.

पहिली पायरी: चुकलेल्या उत्तरासारखंच बरोबर आलेलं उत्तर शोधा

आपली नजर फुलीवर खिळते आणि बाकीचं पान नजरेआड होतं. तसं करू नका. ज्या उत्तराला फुली मिळाली, तशाच धाटणीची पण बरोबर आलेली उत्तरं त्याच पानावर शोधा आणि एकाखाली एक लिहून काढा. वर मी लिहिली आहेत तशी.

या चार ओळी एकत्र दिसल्या की प्रश्नाचं रूप बदलतं. "सातवा का चूक" हा प्रश्न मागे पडतो आणि "चौथा बरोबर तर सातवा का चूक" हा पुढे येतो. दोन्ही वाक्यांत एकच गोष्ट वेगळी आहे: पुस्तक आणि बातमी. उत्तर असणार ते तिथेच.

दुसरी पायरी: 'मी'ला बाजूला करून वाक्य तपासा

मराठीत शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त फसवणारा शब्द म्हणजे 'मी'. कारण सांगते.

भूतकाळात ज्या क्रियेला कर्म असतं, तिथे मराठीत कर्त्याला बहुतेक वेळा 'ने' लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. सीमाने बातमी वाचली. सीमाने पेपर वाचला. सीमाने पुस्तक वाचले. सीमा तीच, पण बातमी स्त्रीलिंगी, पेपर पुल्लिंगी आणि पुस्तक नपुंसकलिंगी म्हणून क्रियापद तीनदा बदललं. शाळेच्या व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. उलट 'सीमा आली' यात कर्म नाही, 'ने' नाही, आणि क्रियापद सीमाच्याच मागे आहे. तो कर्तरी प्रयोग.

आता सीमाच्या जागी 'मी' घाला. मी आले. मी बातमी वाचली. दोन्हीकडे नुसतं 'मी'च दिसतं. आजच्या प्रमाण मराठीत 'मी', 'तू', 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांना हा 'ने' लागत नाही, म्हणून कर्ता कुठे कर्तरीतला आणि कुठे कर्मणीतला हे वरून ओळखू येत नाही. जुन्या मराठीत 'म्यां' असं वेगळं रूप होतं. आपल्याकडे खेड्यांत जुनी माणसं आजही "म्या न्हाई केलं" म्हणतात, त्यात ते टिकून आहे. "मी आलो" पण "म्या केलं". ज्यांच्या तोंडी हा फरक आहे, त्यांना कर्मणी प्रयोग शिकवावा लागत नाही.

तुमच्या कानात तो फरक नसेल तर पुढच्या दोन चाचण्या करा.

पहिली चाचणी, 'मी'च्या जागी नाव घाला. 'सीमा काल कोल्हापूरला आली.' ठीक. 'सीमा बातमी वाचली.' हे कुणाच्याही कानाला खटकेल, 'सीमाने' म्हणावंच लागेल. जिथे 'ने' मागितला जातो, तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि तुम्ही बाई आहात की पुरुष याच्याशी त्याचा संबंध राहत नाही.

दुसरी चाचणी, बोलणारा बदला. तेच वाक्य तुमच्या भावाच्या तोंडी घाला. 'मी काल कोल्हापूरला आले' हे तो 'आलो' असं म्हणेल. 'मी मराठी शिकले' हे 'शिकलो' होईल. पण 'मी पुस्तक वाचले' हे वाक्य तो जसंच्या तसं म्हणेल. म्हणजे त्या 'वाचले'मध्ये तुम्ही नव्हताच, ते पुस्तकाचं होतं. चौथ्या प्रश्नात आपल्या विद्यार्थिनीला बरोबरची खूण मिळाली ती इथे. तिने स्वतःकडे बघून 'ले' लावला, आणि पुस्तक नपुंसकलिंगी असल्यामुळे त्यालाही 'ले'च हवा होता. नियम चुकीचा, उत्तर बरोबर. अशी खूण फुलीपेक्षा महाग पडते, कारण तिच्यामुळे चुकीचा नियम पक्का होतो.

हे दोन 'ले' कानाने वेगळे ओळखता येतात. वर्गातून बाहेर पडल्यावर, पोह्याच्या गाडीवर, बसमध्ये लोक काय म्हणतात ते ऐका. 'मी पुस्तक वाचले' हे बोलताना 'वाचलं' होतं. 'मी आले' कधीही 'मी आलं' होत नाही. ज्या 'ले'चा बोलताना 'लं' होतो, तो नपुंसकलिंगी एकवचनाचा. ज्याचा होत नाही, तो बोलणाऱ्या बाईचा, नाहीतर पुल्लिंगी अनेकवचनाचा, जसं 'मी आंबे खाल्ले'.

आणि 'मी मराठी शिकले'? तिथे कर्म आहे, मराठी स्त्रीलिंगी आहे, तरी 'शिकली' नाही. नावाची चाचणी लावा: 'सीमा मराठी शिकली'. इथे 'सीमाने' कुणी म्हणत नाही. शिकणे, विसरणे, पिणे, बोलणे अशी काही क्रियापदं कर्म असूनही कर्तरीतच राहतात: मी छत्री विसरले, मी चहा प्यायले. ही पाठच करावी लागतात. मात्र 'शिकवणे' त्यात येत नाही. 'मी मराठी शिकले' पण 'मी मराठी शिकवली'. ही जोडी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी पायरी: तुमची चूक दोनपैकी कोणती, ते स्वतःला विचारा

आता मघाशी सांगितलेल्या दोन कारणांकडे येते. 'मी बातमी वाचले' असं लिहिणाऱ्या बाईच्या मनात दोन वेगळे विचार असू शकतात.

एक: मी बाई आहे, म्हणून 'मी आले'सारखं 'मी वाचले'. ही कर्ता-कर्माची चूक. घरी कन्नड बोलणाऱ्यांची ती होणं अगदी साहजिक आहे. कन्नडमध्ये 'नानु ओदिदे' म्हटलं की झालं. पत्र वाचलं काय, पुस्तक वाचलं काय, क्रियापद कर्त्याशीच बांधलेलं राहतं, कर्माकडे बघत नाही.

दोन: क्रियापद कर्माच्या मागे जातं हे ठाऊक आहे, पण बातमी ही निर्जीव वस्तू, म्हणून ती नपुंसकलिंगी असणार आणि तिला 'ले' हवा. ही लिंगाची चूक, आणि तीही कन्नडमधूनच येते, कारण तिथे निर्जीव वस्तू सरसकट नपुंसक. मराठीत बातमी स्त्रीलिंगी, कागद पुल्लिंगी, पान नपुंसकलिंगी, आणि यामागे अर्थाचा आधार शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

पुरुष विद्यार्थ्याच्या बाबतीत ही दोन कारणं मला पान बघूनच वेगळी करता येतात. पहिली चूक असेल तर तो 'वाचलो' लिहितो, दुसरी असेल तर 'वाचले'. बाईच्या बाबतीत दोन्ही चुका 'वाचले' याच रूपात येऊन मिळतात. पान बघून मला काहीच कळत नाही. म्हणून मेलमध्ये तुमचा विचार हवा.

हिंदीतून आलेल्यांची अडचण तिसरीच. 'मैंने ख़बर पढ़ी' असं ते म्हणतच असतात, त्यामुळे सातवा प्रश्न ते बरोबर सोडवतात आणि चौथा चुकवतात. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'मी पुस्तक वाचली'. फुली वेगळ्या ठिकाणी असली तरी मेल लिहायची रीत तीच.

स्वतःची चूक कोणती हे ठरत नसेल तर कर्म अनेकवचनी करून बघा: 'मी बातम्या ____'. मनात आपोआप काय येतं? 'वाचले' आलं तर तुम्ही स्वतःकडे बघून रूप लावता. 'वाचली' आलं तर तुम्ही बातमीला नपुंसकलिंगी धरता, कारण 'पुस्तके वाचली' असंच होतं. बरोबर रूप 'वाचल्या'.

चौथी पायरी: कोल्हापुरात ऐकलेलं असेल तर तसं सांगा

कोल्हापुरातल्या बायका-मुली सर्रास "मी आलो", "मी जातो" म्हणतात. तुमच्या होस्टेलमधली मैत्रीण असंच बोलत असेल. शिवाय सीमाभागात "मी काम केलो" असंही कानावर पडतं. ऐकून शिकणारी माणसं हे उचलणार, आणि उचलावंही. या गावात राहायचं तर इथली बोली आली पाहिजे, आणि तिला चूक म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. वर्कशीटवर मात्र प्रमाण लेखी मराठी मागितलेली असते. तिथे बाईने 'आले' लिहायचं.

तेव्हा तुमचं उत्तर ऐकिवातलं असेल तर मेलमध्ये तसं जरूर लिहा: "माझ्या मैत्रिणी असं म्हणतात." त्यामुळे शिकवणाऱ्याला कळतं की इथे नियम नव्हे, बोली आणि प्रमाण भाषेतला फरक समजावून सांगायचा आहे. फक्त "सगळे असंच बोलतात, मग चूक कशी?" असा सूर नको. वाद घातल्यासारखं वाटतं आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

पाचवी पायरी: मेल लिहा

आता मेलला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. आपल्या विद्यार्थिनीचा मेल असा व्हावा:

> विषय: भूतकाळ वर्कशीट, प्र. 7, 'वाचले' या उत्तराबद्दल शंका
>
> नमस्कार मॅडम,
>
> मी संध्याकाळच्या बॅचमध्ये आहे. भूतकाळाच्या वर्कशीटमधल्या सातव्या प्रश्नाबद्दल एक शंका आहे. पानाचा फोटो सोबत जोडला आहे.
>
> प्र. 7: मी बातमी ____. (वाच)
> माझं उत्तर: वाचले. तुम्ही लिहिलेलं उत्तर: वाचली.
>
> मी असा विचार केला होता की बोलणारी मी आहे, म्हणून 'मी आले'सारखं 'मी वाचले'. चौथ्या प्रश्नात 'मी पुस्तक वाचले' हे बरोबर आलं, त्यामुळे गोंधळ झाला.
>
> घरी 'मी'च्या जागी 'सीमा' घालून पाहिलं. 'सीमाने बातमी वाचली' असं होतं. म्हणजे इथे क्रियापद बातमीप्रमाणे बदलतं, असं मला वाटतं. हे बरोबर आहे का? आणि तसं असेल तर सहाव्या प्रश्नात 'मी मराठी शिकले' कसं बरोबर? मराठी हा शब्दही स्त्रीलिंगीच आहे ना?
>
> सवडीने कळवलंत तरी चालेल. वर्गात विचारणं तुम्हाला सोयीचं असेल तर गुरुवारी विचारीन.
>
> तुमची विद्यार्थिनी
> (नाव, बॅच)

यातल्या काही ओळींविषयी सांगण्यासारखं आहे.

विषयाच्या ओळीत वर्कशीट, प्रश्नाचा क्रमांक आणि तुमचं उत्तर, तिन्ही यावेत. नुसतं 'शंका' किंवा 'वर्कशीट' लिहिलं की तो मेल इतर मेलांत हरवतो आणि महिन्याने शोधला तर सापडत नाही.

प्रश्नाचं वाक्य पूर्ण टाइप करा, फोटो जोडला असला तरी. फोटो मी नंतर उघडते, पण वाक्य समोर असलं की फोनवरच उत्तर देता येतं. फोटो हवाच, कारण कधी कधी अक्षरामुळेही घोळ होतो. घाईत लिहिलेल्या 'ली'ची वेलांटी मात्रेसारखी दिसते आणि 'वाचली'चं 'वाचले' वाचलं जातं. पान सपाट ठेवून, पूर्ण ओळ दिसेल असा फोटो काढा. प्रश्न क्रमांक कापला जाऊ देऊ नका.

मराठी उदाहरणं देवनागरीतच टाइप करा. बाकीचा मेल तुम्हाला सोयीच्या भाषेत लिहिलात तरी मी काही म्हणणार नाही. पण क्रियापद रोमन अक्षरांत आलं की 'वाचला' आणि 'वाचलं' सारखंच दिसतं, आणि आपला सगळा प्रश्न त्या शेवटच्या अक्षराचाच आहे. फोनच्या कीबोर्डवर मराठी जोडून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

"मी असा विचार केला होता" हे वाक्य या मेलचा जीव आहे. ते वाचल्याबरोबर मला कळतं की ही पहिली चूक आहे, लिंगाची नाही. तिने हे लिहिलं नसतं तर मी बातमी स्त्रीलिंगी कशी यावर परिच्छेद लिहिला असता, जे तिला ठाऊकच होतं.

नम्रपणा कशात असतो, तेही इथे दिसतं. 'कृपया' एकदाही आलेलं नाही, पण मेल नम्र आहे. "तुम्ही चूक दिलंत" असं म्हणण्याऐवजी "तुम्ही लिहिलेलं उत्तर" म्हटलंय. गुणांचा विषय काढलेला नाही. उत्तराची घाई केलेली नाही. शिकवणाऱ्याला 'तुम्ही' म्हणावं, मेलमध्ये 'आपण' लिहिलं तरी शोभतं, पण एकाच मेलमध्ये दोन्हींची सरमिसळ नको. "सॉरी, त्रास देतेय" अशा तीन-चार ओळींनी सुरुवात करण्याचीही गरज नाही. शंका विचारणं हा त्रास नव्हे.

एका मेलमध्ये एकाच फुलीबद्दल विचारा. तिने सहाव्या प्रश्नाचा उल्लेख केलाय, पण तो त्याच गाठीचा दुसरा धागा आहे. वर्कशीटवरच्या पाच वेगळ्या फुल्या एका मेलमध्ये आल्या तर पाचही उत्तरं तोकडी मिळतात.

सहावी पायरी: उत्तर आलं की त्यावर काम करा

अशा मेलला मी साधारण असं उत्तर लिहिते:

> तुझा अंदाज बरोबर आहे. 'वाचणे'ला कर्म आहे म्हणून क्रियापद बातमीप्रमाणे जातं. चौथ्या प्रश्नातलं 'वाचले' पुस्तकाचं आहे, तुझं नाही. 'शिकणे' हे वेगळ्या गटातलं क्रियापद आहे, त्याला कर्म असूनही ते कर्त्याप्रमाणे चालतं. आता ही वाक्यं पूर्ण करून पाठव: मी पेपर ____ (वाच). मी बातम्या ____ (वाच). मी चावी ____ (विसर). मी मैत्रिणीला ____ (बोलाव).

हे वाचून "थँक यू मॅडम" एवढंच लिहून थांबू नका. चार वाक्यं पूर्ण करून पाठवा. वाचला, वाचल्या, विसरले, बोलावले. पहिल्या दोघांत कर्म बघायचं, तिसऱ्यात स्वतःला. चौथ्यात आणखी एक गंमत आहे: कर्माला 'ला' लागला की क्रियापद कुणाकडेच बघत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. मैत्रिणीला बोलावले, भावाला बोलावले, मुलांना बोलावले. हा भावे प्रयोग. चौथं वाक्य मी मुद्दाम घालते, कारण 'ले' पुन्हा येतो आणि पुन्हा तो बोलणाऱ्या बाईचा नसतो. दुसरी चाचणी लावून बघा: भावाच्या तोंडीही 'बोलावले'च राहतं, आणि बोलताना 'बोलावलं' होतं.

ज्यांना नामांची लिंगं पाठ नाहीत त्यांना इथे अडायला होणार. नवीन नाम वहीत लिहिताना एकटं लिहू नका, 'ती बातमी', 'तो पेपर', 'ते पुस्तक' असं लिहा. शब्दकोशात नामापुढे पु., स्त्री., न. अशी खूण असते, ती बघायची सवय लावा.

आणि तुमचं उत्तर खरोखरच बरोबर असेल तर

असंही होतं. सगळ्या चाचण्या केल्या आणि तरी तुमचंच रूप टिकलं, तर मेल लिहायला मुळीच कचरू नका. उत्तरपत्रिकेत एकच रूप छापलेलं असतं, पण काही ठिकाणी मराठीत दोन चालतात.

काही नामं दोन लिंगांत वापरली जातात. 'बाग' पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, त्यामुळे 'मी बाग पाहिली' आणि 'मी बाग पाहिला' दोन्ही बरोबर. 'मजा' आणि 'ढेकर' यांचंही तसंच. काही क्रियापदं दोन्ही प्रयोगांत चालतात: 'मी सामना जिंकला' आणि 'मी सामना जिंकलो'. 'म्हणणे'चं तर रूपच बदलतं, 'मी तिला म्हणाले' पण 'मी कविता म्हटली'. अशा जागी फुली बसली असेल तर ती तुमच्या नियमावर बसलेली नसते.

अशा मेलची रचना वरच्यासारखीच ठेवा, फक्त मधला परिच्छेद बदला. "मी 'पाहिला' लिहिलं, कारण शब्दकोशात 'बाग' या शब्दापुढे पु. आणि स्त्री. दोन्ही खुणा आहेत. शब्दकोशातल्या त्या नोंदीचा फोटो जोडला आहे. वर्कशीटवर 'पाहिली'च अपेक्षित आहे का, की दोन्ही चालतील?" एवढं पुरे. यात मॅडमची चूक काढल्याचा सूर नाही, आधार समोर आहे, आणि प्रश्न असा विचारलाय की त्याचं उत्तर 'दोन्ही चालतील' असंही देता येतं. मला असा मेल आला की मी उत्तरपत्रिकेत दुसरं रूप लिहून घेते आणि पुढच्या बॅचला ते पान देण्याआधी वाक्यच बदलते.